लॉजिस्टिक सूत्र : लोकसंख्या K पर्यंत कधी पोहोचतच नसेल, तर ती तेथे ‘स्थिरावते’ असे कसे म्हणायचे?

अबोली

भाच्याला गणित शिकवताना मीच अडकले आहे, म्हणून हा धागा. त्याच्या पुस्तकात लोकसंख्यावाढीचे पुढील सूत्र दिले आहे.

```
P(t) = K / (1 + A·e^(-r·t))
```

यात K म्हणजे धारणक्षमता, r म्हणजे वाढीचा दर, आणि A हा सुरुवातीच्या संख्येवरून ठरणारा आकडा. ‘काळ अमर्याद वाढत गेल्यास लोकसंख्या किती होईल?’ असा प्रश्न असून मागे उत्तर K एवढेच छापले आहे. भाच्याचे म्हणणे असे, की e चा कोणताही घात शून्य होत नाही, त्यामुळे छेद नेहमीच १ पेक्षा मोठा राहतो आणि P नेहमीच K पेक्षा कमी राहते. मग उत्तर ‘K पेक्षा थोडे कमी’ असे का नाही? मी त्याला ‘अनंताला शून्य होते’ असे सांगून पाहिले, त्यावर तो म्हणाला, ‘अनंत वाजता घड्याळ पाहायला कोण जाणार आहे?’ गणित सोडवता येणे आणि ते पटणे यांत अंतर आहे. मला पटवून देता येईल असे उत्तर हवे आहे.

शून्याचा_शोध

हे सूत्र वर-खाली e^(rt) ने गुणून `K·e^(rt) / (A + e^(rt))` असेही लिहितात. आता t अनंताकडे नेल्यास अंशही अनंत आणि छेदही अनंत, म्हणजे थेट उत्तर देताच येत नाही. अशा वेळी लोपिताल यांचा नियम लावून अंश आणि छेद यांचे वेगवेगळे विकलन करावे लागते, आणि ते केल्यावर K उरतो. भाच्याला हा नियम अजून शिकवलेला नसेल, तर त्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

मात्र पुस्तकातील उत्तर मला अपुरे वाटते. A हा सुरुवातीच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यामुळे जास्त संख्येने सुरुवात केली तर लोकसंख्या स्थिरावण्याची पातळीही थोडी वर जायला हवी.

पाठमोरा

शून्याचा_शोध यांनी काढलेले K हे उत्तर बरोबर आहे, पण त्यासाठी एवढी मोठी तोफ लागत नाही. वर-खाली e^(rt) ने भागले की आपण अबोली यांच्या मूळ रूपाकडे परत येतो. तेथे अंश स्थिर आहे आणि छेदातील एकच पद विरत जाते, त्यामुळे अनंत भागिले अनंत हा प्रश्नच उद्भवत नाही. अडचण लोकसंख्येत नव्हती, लिहिण्याच्या पद्धतीत होती.

दुसऱ्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. A कितीही मोठा असला तरी तो e^(-rt) ला गुणलेला आहे, आणि त्या घसरणीपुढे कोणताही ठरावीक आकडा टिकत नाही. सुरुवात कोठून झाली यावरून K जवळ पोहोचायला किती वेळ लागेल हे ठरते. कोठे पोहोचायचे हे ठरत नाही. सुरुवातीची संख्या K च्या दुप्पट असेल तर A = -1/2 येतो, छेद १ पेक्षा लहान होतो आणि संख्या वरून खाली K कडे उतरते. अपवाद फक्त शून्याचा. सुरुवातीला एकही जीव नसेल तर अनंत काळानंतरही एकही नसतो.

आता भाच्याच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मुलगा योग्य जागी बोट ठेवतो आहे. ‘K ला पोहोचते’ आणि ‘K कडे जाते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पुस्तकातील K हे दुसऱ्या विधानाचे उत्तर आहे. त्याला एक खेळ खेळायला सांगा. त्याने K पासूनचे कोणतेही अंतर निवडावे, अगदी एक सहस्रांशही चालेल. आपण असा एक क्षण दाखवायचा, की ज्याच्यानंतर लोकसंख्या त्या अंतराच्या आतच राहते आणि पुन्हा कधी बाहेर जात नाही. त्याने अंतर कितीही लहान घेतले तरी आपल्याला असा क्षण दाखवता येतो. ‘K पेक्षा थोडे कमी’ हे उत्तर या खेळात हरते, कारण ते ‘थोडे’ म्हणजे किती हे सांगताक्षणी लोकसंख्या त्याच्या पुढे निघून जाते. अनंत वाजता घड्याळ पाहायला कोणालाच जावे लागत नाही. सगळा खेळ मर्यादित वेळांवरच चालतो.

प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर बंद भांड्यात वाढवलेल्या यीस्टच्या जुन्या मोजणीइतके चांगले उदाहरण नाही. ती कार्लसन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे रेमंड पर्ल यांनी तिच्यावर हा वक्र बसवला. सुरुवातीला ९.६ एकके यीस्ट होते, चार तासांनी ७१.१, आठ तासांनी ३५०.७, बारा तासांनी ५९४.८ आणि अठरा तासांनी ६६१.८. त्यांना पुढील सूत्र बऱ्यापैकी बसते.

```
P(t) = 665 / (1 + 66·e^(-0.535·t))
```

आता P कडे न पाहता ६६५ मधून P वजा करून उरणाऱ्या अंतराकडे पाहा. प्रत्यक्ष मोजणीत हे अंतर पंधराव्या तासाला १३.९, सोळाव्याला ९.१, सतराव्याला ५.४ आणि अठराव्याला ३.२ आहे. सूत्राप्रमाणे K जवळ आल्यावर दर तासाला अंतराचा साधारण ५९ टक्के भाग उरायला हवा, आणि शेवटच्या दोन तासांत अगदी तसेच घडले आहे. म्हणजे अंतर सुमारे १ तास १८ मिनिटांत निम्मे होते. ‘स्थिरावणे’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की उरलेले अंतर ठरावीक वेळाने निम्मे होत राहते.

टवाळ_टिपणे

माझ्या पुस्तकांच्या कपाटाची धारणक्षमता मी आतापर्यंत तीन वेळा ओलांडली असून प्रत्येक वेळी सूत्राने नव्हे, तर घरच्यांनी हस्तक्षेप केला आहे. A ऋण असल्याचे आज कळले.

पाठमोरा

टवाळ, आपल्या कपाटाला हे सूत्र लागू होत नाही, कारण आपली पुस्तके मरत नाहीत. K म्हणजे मावण्याची मर्यादा नव्हे. जेथे भर आणि घट बरोबरीची होते ती ती पातळी असते.

मत्स्यगंध

माझा अनुभव या सूत्राच्या अगदी विरुद्ध आहे. मी काचेच्या टाकीत गप्पी मासे पाळले होते. पाचसहा माशांवरून संख्या भराभर वाढत गेली आणि साठच्या पुढे गेली. ती तेथे स्थिरावेल असे वाटत असतानाच दोन आठवड्यांत निम्म्याहून अधिक मासे मेले. नंतर पुन्हा वाढ, पुन्हा मृत्यू. पाणी वेळेवर बदलले नाही ही माझी चूक होतीच. पण सूत्र म्हणते की संख्या K च्या जवळ हळूहळू जाऊन थांबते, आणि माझे मासे तर K वरून उडी मारून पलीकडे गेले. मग माझ्या टाकीचा K नक्की किती धरायचा?

चौकट

मत्स्यगंध यांच्यासारखेच मला मासे न पाळता दिसले आहे. मी स्प्रेडशीटमध्ये K = 100 आणि r = 2.3 घेऊन, प्रत्येक ओळीत मागच्या ओळीवरून पुढची संख्या काढली.

```
=B2+2.3*B2*(1-B2/100)
```

आलेख १०० वर थांबायला हवा होता. प्रत्यक्षात तो काही ओळींनंतर एकदा ११८ च्या आसपास आणि एकदा ६९ च्या आसपास अशा उड्या मारू लागला. शेकडो ओळी खाली ओढल्या तरी तेच. सूत्र दहा वेळा तपासले. t अनंताकडे नेल्यावर K येतो हे सिद्ध झालेले असेल, तर हे काय आहे?

पाठमोरा

चौकट, आपले टंकन बरोबर आहे, पण आपण दुसरेच प्रारूप चालवत आहात. धाग्यातील सूत्र अखंड वाहणाऱ्या काळाचे आहे. तेथे संख्या K जवळ येऊ लागली की वाढीचा वेग त्याच क्षणी कमी होतो. शिवाय ‘सतत K च’ हाही त्या समीकरणाचा एक स्वतंत्र मार्ग आहे आणि दोन मार्ग एकमेकांना छेदू शकत नाहीत, त्यामुळे खालून आलेली लोकसंख्या K ओलांडूच शकत नाही. आपल्या स्प्रेडशीटमध्ये मात्र लोकसंख्या वर्षातून एकदाच डोळे उघडून पाहते, त्या क्षणी दिसलेल्या मोकळ्या जागेवरून वर्षभराची वाढ ठरवते आणि पुन्हा डोळे मिटते. ६९ वर असताना जागा भरपूर दिसते म्हणून ती ११८ वर जाते. ११८ वर गेल्यावर गर्दी दिसते म्हणून परत ६९. अशा टप्प्याटप्प्याच्या हिशोबात r दोनपेक्षा कमी असेल तरच संख्या K वर स्थिरावते. दोनच्या पुढे आपल्याला दिसली तशी दोन आकड्यांमधली ये-जा सुरू होते, आणि r आणखी वाढवत नेला तर तीही मोडते.

तपासायचे असेल तर एका ओळीत पूर्ण वर्षाऐवजी वर्षाचा दहावा भाग धरा, म्हणजे सूत्रात 2.3 च्या जागी 0.23 येईल. आलेख मुकाट्याने १०० वर जाईल. टप्पा लहान केल्यावर उड्या नाहीशा झाल्या तर त्या हिशोबातून आलेल्या होत्या असे समजावे.

मत्स्यगंध यांच्या टाकीतील उड्या मात्र हिशोबाच्या नाहीत. तेथे गर्दीचा परिणाम उशिरा होतो. आज जन्मलेली पिल्ले आज फारसे खात नाहीत आणि पाणीही फारसे खराब करत नाहीत; ती मोठी होईपर्यंत आणखी पिल्ले जन्मलेली असतात. गर्दीची बातमी उशिरा पोहोचली की K ओलांडला जातो. ही दिरंगाई लॉजिस्टिक सूत्रात मुळी नाहीच. तेव्हा त्या टाकीचा K किती, याचे प्रामाणिक उत्तर असे, की पाण्याची स्थितीच बदलत असल्याने तो एक ठरावीक आकडा नव्हता.

निरभ्र

चर्चा आवडली. मग याच सूत्रात आजवरच्या जनगणनांचे आकडे घालून जगाची लोकसंख्या शेवटी किती कोटींवर थांबेल, हे कोणी काढून देईल का? K काढायचा आणि विषय संपवायचा.

पाठमोरा

निरभ्र, अबोली यांचा प्रश्न ‘K दिलेला असताना काय होते’ असा होता. आपण उलट प्रश्न विचारत आहात, आणि तो कितीतरी अवघड आहे. तो विचारण्याचा मोह फार जुना आहे. फेरहुल्स्ट यांनी हा वक्र १८३८ मध्ये मांडला, तो नंतर बराच काळ विस्मरणात गेला, आणि १९२० मध्ये पर्ल आणि रीड यांनी तो पुन्हा शोधून काढून अमेरिकेच्या १७९० ते १९१० च्या जनगणनांवर बसवला. त्यांना वरची मर्यादा सुमारे १९ कोटी ७० लाख मिळाली. पुढची काही दशके वक्र आणि जनगणना बऱ्यापैकी बरोबरीने चालल्या, त्यामुळे विश्वासही वाढला. १९७० च्या जनगणनेत मात्र अमेरिकेची लोकसंख्या २० कोटींच्या वर निघाली, म्हणजे ‘अनंत काळात गाठायची’ मर्यादा साठ वर्षांच्या आत ओलांडली गेली. २०२० मध्ये तो आकडा ३३ कोटींच्या पुढे होता.

असे का होते हे यीस्टवरच दाखवता येते. समजा, आपल्याकडे पहिल्या पाच तासांचीच मोजणी आहे : ९.६, १८.३, २९.०, ४७.२, ७१.१, ११९.१. मी मुद्दाम K = 1500 असा भलताच आकडा धरला आणि A = 149, r = 0.511 घेतले. दुसऱ्या तासाला २७.५, तिसऱ्याला ४५.२, चौथ्याला ७३.९ आणि पाचव्याला ११९.३ मिळतात. खऱ्या K ने, म्हणजे ६६५ ने, याच वेळांना २८.१, ४६.६, ७५.९ आणि ११९.९ येतात. या दोहोंपैकी कोणते सूत्र बरोबर, हे पाच तासांच्या मोजणीवरून कोणीही सांगू शकणार नाही; चौथ्या तासाला तर चुकीचे सूत्रच अधिक जवळ आहे. दहाव्या तासाला मात्र चुकीचे सूत्र ७९० सांगते आणि भांड्यात असतात ५१३.३.

कारण सरळ आहे. संख्या K च्या तुलनेत लहान असते तेव्हा वाढीवर K चा परिणाम जवळजवळ नसतो, त्यामुळे त्या काळातील आकड्यांमध्ये K ची माहितीही जवळजवळ नसते. वाढीचा वेग कमाल होऊन उतरू लागला, म्हणजे संख्या K च्या निम्म्यापलीकडे गेली, की मगच K हळूहळू दिसू लागतो. आणि तेव्हाही तो पुढे तसाच राहील याची हमी आकडे देत नाहीत; अमेरिकेच्या बाबतीत वक्राचे वळण दिसू लागले होते, तरी फसगत झालीच.

शून्याचा_शोध

A बद्दलची माझी चूक मान्य. पण आता मला दुसरे टोक खटकू लागले आहे. K आधी कळत नाही, कळला तरी बदलतो, उशीर झाला तर ओलांडला जातो. मग ‘t अनंताकडे’ या शब्दांना अर्थ काय उरतो? यीस्टच्या भांड्यातसुद्धा साखर संपल्यावर पेशी मरू लागतील. अनंत काळ सोडा, आठवड्याभरात ६६५ ची पातळी शिल्लक राहणार नाही.

वाळूघड्याळ

शून्याचा_शोध यांच्या शंकेत मी आणखी भर घालतो. आपण सगळे लोकसंख्येला अपूर्णांकात वाढू देत आहोत. जीव मात्र एक-एक करून जन्मतात आणि एक-एक करून मरतात, आणि त्यात योगायोगाचा भाग असतो. असे संभाव्यतेचे प्रारूप घेतले, की ज्यात K च्या आसपास जन्म आणि मृत्यू सरासरीने बरोबरीचे आहेत पण संख्या कधीकधी खाली-वर होते, तर t अनंताकडे नेल्यावर उत्तर K येत नाही. उत्तर शून्य येते. कधी ना कधी वाईट योगायोगांची एवढी लांब साखळी येतेच, की सगळे जीव संपतात. आणि शून्यातून परत येता येत नाही, हे पाठमोरा यांनी स्वतःच वर सांगितले आहे. काळ अमर्याद असेल तर ‘कधी ना कधी’ म्हणजे नक्कीच.

म्हणून भाच्याच्या पुस्तकातील उत्तर माझ्या मते केवळ अपुरे नाही, जिवंत प्राण्यांच्या बाबतीत ते चुकीचे आहे.

पाठमोरा

वाळूघड्याळ, गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. त्या प्रारूपात नामशेष होण्यासाठी लागणारा सरासरी काळ K बरोबर घातांकी वेगाने वाढतो. K पाच असेल तर आपले म्हणणे उद्याच खरे ठरू शकते. K काही शेकडा झाला, की तो काळ व्यवहारात विचारात घेण्यासारखाच राहत नाही. त्या सगळ्या मधल्या काळात लोकसंख्या K च्या आसपासच थोडी खाली-वर होत राहते. म्हणजे येथे दोन वेगळे काळ आहेत : K जवळ जाण्याचा छोटा काळ आणि सगळे संपण्याचा प्रचंड काळ. लॉजिस्टिक सूत्रातील ‘अनंत’ म्हणजे पहिल्या काळाच्या मानाने पुष्कळ, एवढेच. शून्याचा_शोध यांनाही माझे हेच उत्तर आहे. यीस्टच्या बाबतीत अंतर निम्मे व्हायला सव्वा तास लागतो, त्यामुळे अठरा तास हे त्याच्या दृष्टीने पुष्कळच आहेत. साखर संपणे ही नंतरची, वेगळी घटना.

वाळूघड्याळ

‘पुष्कळ’ म्हणायचे असेल तर पुष्कळ लिहावे, अनंताचे चिन्ह वापरू नये. सीमा काढताना आपण छोट्या काळाचा विचार करतो आणि लिहिताना अमर्याद काळ लिहितो. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

अबोली

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाचे काय झाले ते सांगते. अंतर निवडण्याचा खेळ भाच्याशी खेळले. त्याने यीस्टचेच सूत्र घेऊन अर्ध्या एककाचे अंतर निवडले. आम्ही छेदातील १ तात्पुरता विसरून 665·66·e^(-0.535·t) हे अंतर 0.5 पेक्षा लहान कधी होते ते काढले, तर सुमारे २१.३ तास आले. त्याने अंतर एक सहस्रांश केले, तर वेळ साधारण ३३ तासांवर गेली. अंतर पाचशे पटींनी लहान केले तरी वेळ बाराच तासांनी वाढली, हे पाहून तो बराच वेळ गप्प बसला. ‘जाते’ आणि ‘पोहोचते’ यांतील फरक आता त्याला मान्य आहे.

पण तेवढ्यावर थांबेल तर तो भाचा कसला. त्याने संगणकावर हे सूत्र चालवले आणि t = 77 ला उत्तर चक्क ६६५ आले, दशांशचिन्हानंतर शून्य. ७६ ला मात्र ते किंचित कमी होते. आता तो म्हणतो, ‘मावशी, सत्त्याहत्तराव्या तासाला पोहोचले की!’

चौकट

आता हे मला सांगता येईल, स्प्रेडशीटमध्ये मीच फसलो होतो. संगणक साधारण सोळा अंकांपर्यंतच आकडा लक्षात ठेवतो. ७७ व्या तासाला छेदातील दुसरे पद इतके लहान झाले, की १ मध्ये मिळवल्यावर बेरीज पुन्हा १ च आली, म्हणून भागाकार नेमका ६६५. त्याला ते पद स्वतंत्रपणे छापून पाहायला सांगा.

```python
from math import exp
print(66*exp(-0.535*77))
print(1 + 66*exp(-0.535*77) == 1)
```

पहिल्या ओळीत शून्य येणार नाही, 8.48…e-17 असा आकडा येईल, म्हणजे दशांशचिन्हानंतर सोळा शून्ये आणि मग ८. दुसऱ्या ओळीत True येईल. आणि शून्याचा_शोध यांचे e^(rt) वर-खाली असलेले रूप त्याला t = 1400 ला चालवू द्या. तेथे exp एवढा मोठा आकडा देऊच शकत नाही, म्हणून उत्तराऐवजी OverflowError मिळतो. ते रूप टाळण्याचे हे आणखी एक कारण.

अबोली

True आले. तो आता विचारतो आहे, की K पेक्षा जास्त संख्येपासून सुरुवात केली तर ६६५ छापायला लागणारा तास तोच राहील का. आज रात्री आम्ही A = -0.5 घेऊन बसणार आहोत.